भवानीचा भाव: ठाण्यातल्या एका छोट्या स्टुडिओने मोत्यांची किंमत देशागणिक कशी बसवली

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात आम्ही सहा जण बसतो. पाच जण गेम बनवतात आणि सहाव्या काकू आठवड्यातून दोन दिवस नौपाड्याहून येऊन हिशेब बघतात. आमचा गेम मासळीबाजाराचा आहे. पहाटे होड्या येतात, मासे वेगळे करायचे, टोपल्या भरायच्या, गिऱ्हाइकांना खूश ठेवायचे. गेम फुकट. विकत मिळतात ते मोती. मोती खर्च केले की होडी लवकर परत येते किंवा दुकान सजवता येते. २०२२च्या अखेरीस गेम बाजारात आला, तेव्हा मोत्यांचे चार संच होते आणि त्यांच्या किमती आम्ही डॉलरमध्ये ठरवल्या होत्या: ८० मोती ०.९९ डॉलरला, ४५० मोती ४.९९ला, १००० मोती ९.९९ला आणि २२०० मोती १९.९९ला. मोठा संच घ्याल तसा मोती स्वस्त पडतो, एवढीच त्यामागची युक्ती होती.

बाकी देशांच्या किमती गुगल प्लेच्या कन्सोलने त्या दिवशीच्या विनिमय दराने भरून दिल्या. भारतात त्यावर जीएसटी धरून आणि शेवटी नऊ येईल अशा बेताने आम्ही ₹९९, ₹४९९, ₹९९९ आणि ₹१,९९९ केल्या आणि पुढे दोन वर्षे त्याकडे ढुंकून पाहिले नाही.

जानेवारी २०२५मध्ये ट्रेनी म्हणून आलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात विषय काढला. चहाच्या टपरीवर उभे होतो. तो म्हणाला, "दादा, आपला सगळ्यात छोटा संच ९९ रुपयांचा आहे. एवढ्यात माझे चार वडापाव आणि चहा होतो. मला गेम आवडतो, तरी मी घेतला नाही." आपल्याच गेमचे मोती आपलाच माणूस घेत नाही, हे जरा लागले. पण त्याचा मुद्दा बरोबर होता. तोच संच अमेरिकेत कोणी घेतो तेव्हा तो एका कॉफीच्या किमतीहूनही कमी खर्च करत असतो. आम्ही दोघांकडून सारखेच डॉलर मागत होतो. किंमत कागदावर सारखी असली तरी देणाऱ्याला ती सारखी नव्हती.

आकडेही तेच सांगत होते. इन्स्टॉल झाल्यापासून ६० दिवसांत भारतातला नवा खेळाडू काय खरेदी करतो, हे आम्ही काढले. खाली सगळीकडे दर १०,००० इन्स्टॉलमागचे आकडे देतो. प्रत्यक्षात प्रत्येक तुकडी साधारण ४०,०००ची होती. जुन्या किमतींना ₹९९चे ४० संच गेले, ₹४९९चे १२, ₹९९९चे ६ आणि ₹१,९९९चे ५. एकूण ६३ खरेदी आणि ₹२५,९३७.

पहिला उपाय आम्ही पुस्तकी केला. जागतिक बँक दर देशासाठी क्रयशक्तीचा दर काढते. अमेरिकेत एका डॉलरला जेवढी वस्तू-सेवा मिळते तेवढी भारतात किती रुपयांना मिळते, असा त्याचा अर्थ. भारतासाठी तो साधारण २० ते २५ रुपये येतो, तर बाजारातला डॉलर तेव्हा ८५ रुपयांच्या पुढे होता. म्हणजे ढोबळमानाने पाव हिस्सा. आम्ही चारही किमती पाववर आणल्या: ₹२९, ₹१२९, ₹२४९ आणि ₹४९९. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बदल केला आणि नव्या तुकडीचे साठ दिवस मोजले.

खरेदी ६३वरून २३८वर गेली. ट्रेनी पेढे आणायच्या बेतात होता. काकूंनी चष्मा वर करून विचारले, "पैसे किती आले ते सांग." ₹२९चे १७० संच, ₹१२९चे ३८, ₹२४९चे १६ आणि ₹४९९चे १४. बेरीज ₹२०,८०२. गिऱ्हाईक जवळजवळ चौपट झाले आणि गल्ला पाचव्या हिश्श्याने घटला.

या जागी बहुतेक लोक एकतर घाबरून जुन्या किमतींवर परत जातात, नाहीतर "खेळाडू वाढले ना" असे म्हणून स्वतःची समजूत घालतात. आम्ही बेरीज सोडून संच वेगवेगळे पाहिले. सगळ्यात छोट्या संचाचा गल्ला ₹३,९६० होता तो ₹४,९३० झाला. म्हणजे तिथे किंमत उतरवल्याचा फायदाच झाला. वरच्या तीन संचांचा मिळून गल्ला मात्र ₹२१,९७७वरून ₹१५,८७२वर आला. घट सगळी वरून आली होती.

मोत्यांना घडणावळ नसते. एक मोती विकला काय आणि हजार विकले काय, सर्व्हरच्या खर्चात फरक पडत नाही, आणि स्टोअरचा वाटाही टक्क्यांत असतो. त्यामुळे हिशेब सरळ आहे. किंमत पाव केली तर खरेदी चौपट व्हायला हवी, तेव्हा कुठे गल्ला जागच्या जागी राहतो. छोट्या संचाची खरेदी ४०वरून १७०वर गेली, म्हणजे चौपटीहून थोडी जास्त. सगळ्यात मोठ्याची ५वरून १४वर, म्हणजे तिपटीलाही पोचली नाही. मधल्या दोन संचांची खरेदीही चौपटीच्या आतच राहिली. ₹१,९९९ देणारा माणूस ₹१,९९९ देऊ शकत होता म्हणूनच देत होता. त्याला आम्ही दीड हजार रुपये न मागता परत केले.

क्रयशक्तीच्या आकड्याने आम्हाला फसवले नाही. आम्ही त्याला भलताच प्रश्न विचारला होता. त्या आकड्यात घरभाडे येते, केशकर्तन येते, बसचे तिकीट आणि भाजी येते. देशातल्या सरासरी माणसाचे रोजचे जगणे किती स्वस्त आहे, ते त्यातून कळते. पण गेममध्ये दोन हजार खर्च करणारा माणूस सरासरी नसतो. तो घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहात असेल किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये कामाला असेल, आणि त्याच्या हातातला फोन त्याने अमेरिकेतल्या माणसाइतक्याच किमतीला, कधी त्याहून जास्तीला घेतलेला असतो. देशाचे उत्पन्न कमी आहे याचा परिणाम पहिला रुपया काढताना दिसतो, कारण तिथे खूप माणसे उंबऱ्याच्या अलीकडे उभी असतात. मोठ्या खरेदीपाशी तो बराच विरलेला असतो.

हे मोठ्या कंपन्यांनाही उमगलेले आहे. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१मध्ये भारतातले दर कमी केले तेव्हा बेसिक योजना ₹४९९वरून थेट ₹१९९वर आणली, म्हणजे साठ टक्के कपात. पण प्रीमियम ₹७९९वरून ₹६४९वरच थांबवली. तिथली कपात वीस टक्क्यांच्या आत. खालची पायरी खोल उतरवायची आणि वरची जेमतेम. आम्हीही तेच करायचे ठरवले, आणि लगेच तोंडावर आपटलो.

नव्या तक्त्यात ट्रेनीने छोटा संच ₹२९लाच ठेवला आणि पुढचा ₹१९९ला. मी मान डोलावून पुढे गेलो. काकूंनी कॅल्क्युलेटर काढला. "अरे, २९चे पाच घेतले तर १४५ रुपयांत ४०० मोती. आणि १९९ला ४५०. तुमचा दुसरा संच घेणार कोण?" खरेच होते. छोट्या संचात रुपयाला पावणेतीन मोती पडत होते आणि मोठ्यात सव्वादोन. शिडी उलटी झाली होती. खेळाडूंना हे कळत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी कुठल्याही गेमचा चॅट ग्रुप एकदा वाचावा. रुपयाला किती मोती, याची कोष्टके मुले पहिल्याच दिवशी बनवून टाकतात.

देशागणिक किमती बसवताना ही चूक सर्रास होते आणि ती आपल्या डॉलरच्या तक्त्यात दिसत नाही. तिथे शिडी नीट असते. प्रत्येक देशात किंमत गोल करताना, शेवटी ९ किंवा .९९ लावताना किंवा आमच्यासारखी खालची पायरी जास्त उतरवताना ती मोडते. तपासायची रीत साधी आहे. प्रत्येक देशासाठी मोत्यांची संख्या भागिले स्थानिक किंमत असा एक स्तंभ काढायचा. वरून खाली तो आकडा वाढतच गेला पाहिजे. एका जागी जरी घसरला, तरी त्या देशातला एक संच मेला असे समजायचे.

पण मग खालची पायरी खोल उतरवायची कशी? उतरवली की वरची निरर्थक होते, आणि न उतरवली तर ट्रेनीसारखी माणसे बाहेरच राहतात. या गाठीवर आम्ही दोन दिवस बसलो. तोडगा काकूंकडूनच आला, आणि तोही बाजारातला. त्या म्हणाल्या, "कोळीण सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला कमी भावात देते, कारण तिला भवानी करायची असते. म्हणून ती दिवसभर त्या भावाने विकत नाही."

मासळीबाजाराचा गेम बनवणाऱ्या पाच जणांना हे सुचू नये, याची आम्हाला थोडी लाज वाटली. तर नवी रचना अशी झाली. नेहमीची शिडी जुन्या किमतीच्या निम्म्यावर: ८० मोती ₹४९, ४५० मोती ₹२४९, १००० मोती ₹४९९, २२०० मोती ₹९९९. रुपयाला पडणारे मोती अनुक्रमे १.६३, १.८१, २.०० आणि २.२०, म्हणजे शिडी शाबूत. आणि तिच्या बाहेर, बाजूला, 'भवानीची टोपली': ८० मोती ₹२९ला, एका खात्याला आयुष्यात एकदाच. कमी उत्पन्नाची सगळी खोल सवलत त्या एका टोपलीत ठेवली. ती दुसऱ्यांदा घेताच येत नसल्यामुळे पाच टोपल्यांचा हिशेब कोणाला मांडता येत नाही.

'एकदाच' हे बोलायला सोपे आहे. गुगल प्लेवर खरेदी झाल्यावर ती 'वापरून संपली' असे कळवले की तीच वस्तू पुन्हा विकत घेता येते. मोत्यांच्या नेहमीच्या संचांना आपण तेच करतो. टोपलीसाठी ते करायचे नाही, फक्त खरेदी मिळाल्याची पोच द्यायची. मग तीच टोपली पुन्हा विकायला प्ले स्वतःच नकार देते. पोच तीन दिवसांच्या आत गेली नाही तर पैसे आपोआप परत जातात, हेही लक्षात ठेवायला हवे. यात आमच्याकडून एक भोक राहिले. टोपली न संपलेली असल्यामुळे गेम काढून पुन्हा टाकला की प्ले सांगते, "या खात्याकडे टोपली आहे," आणि आमचा कोड इमानदारीने पुन्हा ८० मोती देत असे. एका खेळाडूने अकरा वेळा इन्स्टॉल केले तेव्हा ते लक्षात आले. आता प्रत्येक खरेदीचे टोकन सर्व्हरवर नोंदवतो आणि एका टोकनला एकदाच मोती देतो.

दुसरी चूक त्याहून बाळबोध होती. दुकानाच्या पडद्यावर आमच्या चित्रकाराने सोनेरी फलकावर "₹४९९" असे सुंदर अक्षरांत काढले होते. किंमत बदलली, चित्र तसेच राहिले. फलकावर ४९९ आणि बटण दाबल्यावर प्लेच्या खिडकीत २४९. तुम्हाला वाटेल, कमी पैसे लागताहेत म्हणून लोक खूश होतील. उलट झाले. "हे काहीतरी गडबड आहे" म्हणून माणसे मागे फिरली, आणि दोघांनी तसे लिहूनही कळवले. पडद्यावरची किंमत कायम स्टोअरकडूनच घ्यावी:

```kotlin
val offer = productDetails.oneTimePurchaseOfferDetails
priceLabel.text = offer?.formattedPrice
```

यात चलनाचे चिन्ह, स्वल्पविराम आणि दशांश त्या त्या देशाच्या पद्धतीने येतात. जपानच्या येनला दशांश नसतो, हेही आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. हिशेबासाठी मात्र `priceAmountMicros` आणि `priceCurrencyCode` दोन्ही जपून ठेवावेत. पहिल्यात किंमत दहा लाखांनी गुणलेली असते, म्हणून ₹२४९ तिथे `249000000` असे दिसते. चलन न पाहता नुसती रक्कम जोडली, तर एका दुपारपुरते आपण श्रीमंत होतो.

जून-जुलैच्या तुकडीचे आकडे असे आले. टोपल्या १९०, ₹४९चे ७० संच, ₹२४९चे ३०, ₹४९९चे १४ आणि ₹९९९चे १०. बेरीज ₹३३,३८६. जुन्या किमतींपेक्षा सुमारे २९ टक्के जास्त, आणि पाव किमतीच्या प्रयोगापेक्षा खूपच जास्त. टोपली घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुढे काहीच घेत नाहीत, आणि ते ठीक आहे. जीएसटीचे १८ टक्के आणि स्टोअरचे १५ टक्के जाऊन त्या २९मधले वीसेक रुपये आमच्या हाती पडतात. जुन्या किमतीला या मंडळींकडून शून्य येत होते.

या आकड्यांवर किती विसंबावे, हेही सांगतो. तीन तुकड्या एकामागून एक घेतलेल्या आहेत. मधली नेमकी परीक्षांच्या दिवसांत पडली, तेव्हा तिचा घसरलेला गल्ला सगळाच किमतीमुळे नसेल. खरी रीत म्हणजे एकाच वेळी निम्म्या खेळाडूंना जुनी किंमत आणि निम्म्यांना नवी. प्ले कन्सोलमध्ये त्यासाठी किमतींचे प्रयोग करण्याची सोयही आहे. पण आमच्याकडे मोठ्या संचाची खरेदी दहा हजारांत पाच-दहा. ती दोन गटांत वाटली, तर एखाद्या शेठजीने एका संध्याकाळी तीनदा खरेदी केली की निकाल उलटा. म्हणून मोठ्या संचांच्या बाबतीत आम्ही रुपयांपेक्षा खरेदीचे नग पाहतो, आणि निष्कर्ष छोट्या संचांवरून काढतो. "किती टक्के खेळाडूंनी पैसे दिले" हा आकडा तर फलकावरून पुसूनच टाकला. किंमत उतरवली की तो वाढणारच. पाहायचे ते दर हजार इन्स्टॉलमागे कर आणि वाटा वजा जाता हातात काय आले ते.

किंमत कमी करायच्या आधीच्या महिन्यात ज्यांनी जुन्या भावाने मोती घेतले होते, त्यांना फरकाचे मोती देऊन टाकले. त्याला आमचा खर्च काही नाही, आणि एकही तक्रार आली नाही.

भारताचे गाडे असे मार्गी लागत असताना तुर्कस्तानचे प्रकरण निघाले, आणि ते मला जास्त शिकवून गेले. तिथल्या किमतीही आम्ही २०२२च्या अखेरीस ठेवल्या होत्या. तेव्हा डॉलर साडेअठरा लिरांच्या आसपास होता. त्या हिशेबाने कर धरून मोठा संच ₺४३९.९९ला होता. दोन वर्षांनी डॉलर ३५ लिरांवर गेला होता आणि मधल्या काळात, जुलै २०२३मध्ये, तिथला करही १८वरून २० टक्के झाला होता. प्लेवर आपण ठेवलेली स्थानिक किंमत विनिमय दरामागे आपोआप धावत नाही. ती आपणच ताजी करायची असते. तेव्हा त्याच ४३९.९९मधून कर काढला आणि डॉलरमध्ये आणला, तर साडेदहा डॉलर. आम्ही तुर्कस्तानला निम्म्याच्या जवळपास सवलत देऊन बसलो होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. ॲपलकडे एका देशाची किंमत पाया म्हणून दिली की बाकी देशांच्या किमती तेच वेळोवेळी जुळवून घेतात, त्यामुळे आयफोनवर हा घोळ नव्हता. दोन स्टोअरमधल्या तफावतीवरूनच खरे तर आधी कळायला हवे होते.

सवलत गरजूला मिळाली असती तर फारसे बिघडले नसते. पण आकडे विचित्र होते. तुर्कस्तानात आमचे इन्स्टॉल शंभरात तीन, आणि २२०० मोत्यांच्या संचांची विक्री मात्र शंभरात चाळीसच्या घरात. त्यातली बहुतेक खाती गेमच्या दहाव्या पातळीपर्यंतही पोचलेली नव्हती. खाते उघडायचे, मोठा संच घ्यायचा, मोती मित्राला भेट द्यायचे, की झाले. मित्र सगळे दुसऱ्याच देशांतले. भेट देण्याची सोय आम्हीच मोठ्या हौसेने केली होती. कोणीतरी तुर्की गिफ्ट कार्डे वापरून मोती स्वस्तात घेत होता आणि बाहेर नफ्याने विकत होता.

व्हीपीएन लावले की देश बदलतो असा समज आहे. तसे नसते. प्लेचा देश खात्याला आणि पैसे भरण्याच्या साधनाला बांधलेला असतो, आणि तो वर्षातून एकदाच बदलता येतो. त्यामुळे एकटादुकटा खेळाडू स्वस्त देशात जाऊन बसणे कटकटीचे असते, आणि अशा गळतीची मी फार चिंता करत नाही. पण खेळाच्या आत वस्तू एका खात्यातून दुसऱ्यात जात असेल, तर तुर्की खाते असलेला एकच माणूस सगळ्या जगाला पुरतो. देशागणिक किंमत ठेवायची असेल तर आधी ही वाट बंद करावी लागते. आम्ही मोत्यांच्या दोन थैल्या केल्या. खेळून मिळवलेले मोती भेट देता येतात, विकत घेतलेले येत नाहीत. ते लागू झाले त्या आठवड्यात तुर्कस्तानातली मोठ्या संचांची विक्री जवळजवळ आटली.

आता किमती नव्याने बसवायच्या होत्या, आणि इथे न्यायाचा प्रश्न खरोखर टोचला. डॉलरच्या हिशेबाने सरळ पूर्ण किंमत लावली, तर ज्या माणसाची बचत लिराबरोबर विरली त्यालाच आम्ही दुप्पट बिल देणार. वाल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२३मध्ये स्टीम या तिच्या गेमच्या दुकानात तुर्कस्तान आणि अर्जेंटिनासाठी स्थानिक चलन काढून डॉलरमध्ये प्रादेशिक किमती आणल्या, त्यामागे हीच चलनाची घसरण होती. पण त्यांना परवडते ते आम्हाला नको वाटले. आम्ही डॉलरच्या किमतीच्या सत्तर टक्के धरले, डॉलर ३६ लिरा धरला आणि कर मिळवला. ₺२९.९९, ₺१४९.९९, ₺२९९.९९ आणि ₺५९९.९९. लिराला पडणारे मोती २.६७, ३.००, ३.३३, ३.६७. शिडी सरळ. मोठा संच घेणाऱ्याला छत्तीस टक्के वाढ सोसावी लागली, पण जोडीला ₺१४.९९ची भवानीची टोपली आली.

ब्राझील आणि इंडोनेशियासाठी आम्ही एवढे खोदकाम केले नाही. तिथला लोकप्रिय गेम सगळ्यात छोटी वस्तू केवढ्याला विकतो, ते पाहिले. प्ले स्टोअरच्या वेबपानावर प्रत्येक गेमखाली गेममधल्या वस्तूंच्या किमतीची कमाल-किमान मर्यादा दिलेली असते, आणि पत्त्याच्या शेवटी `&gl=BR` किंवा `&gl=ID` लिहिले की त्या देशाचे पान दिसते. पाच-सहा गेमचा किमान आकडा उतरवून घेतला की टोपलीची किंमत कुठे असावी ते कळते. माझ्या मते हा आकडा क्रयशक्तीच्या कोष्टकापेक्षा जास्त बोलका आहे, कारण तिथल्या खेळाडूला तेवढी रक्कम बटण दाबून द्यायची सवय आहे. युरो वापरणारे देश एकत्रच ठेवले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वेत उत्पन्न जास्त म्हणून किंमत वाढवावी का, असा प्रश्न निघाला होता. आम्ही नाही वाढवली. त्यातून येणारी रक्कम आमच्या चहाच्या बिलाएवढी निघाली.

अमेरिकेतून एक मेल आला: भारतात हे निम्म्या किमतीत का? त्याचा रोख गेममधल्या साप्ताहिक शर्यतीवर होता, आणि मेल वाचताना जाणवले की त्याचे म्हणणे बिनबुडाचे नाही. मोती खर्चून शर्यतीत पुढे जाता येत असेल, तर स्वस्त मोती म्हणजे स्वस्त विजय. दुकानाची सजावट कोणी निम्म्या किमतीत केली याने दुसऱ्याचे काही जात नाही. क्रमांकाने जाते. आम्ही शर्यतीच्या दिवसांत मोत्यांनी होडी लवकर बोलावणे बंद केले. त्याने थोडी विक्री गेली, सगळ्याच देशांत.

काकू आता त्यांच्या वहीत दर तिमाहीला डॉलरचा भाव लिहितात. रुपया, लिरा, ब्राझीलचा रिआल आणि इंडोनेशियाचा रुपिया, चार ओळी. किंमत बसवली त्या दिवसापेक्षा भाव पंधरा टक्क्यांहून जास्त सरकला तरच किमतीला हात लावायचा, असे ठरले आहे. रोज बदलणाऱ्या किमती खेळाडूंना आवडत नाहीत, आणि आम्हालाही तेवढा वेळ नाही. मार्चमध्ये वहीत लिरा ३६ होता. जूनमध्ये ३९च्या पुढे गेला, नऊ टक्के, सोडून दिला. सप्टेंबरच्या पानावर ४१च्या पुढचा आकडा आहे, म्हणजे पंधराच्या अगदी उंबऱ्यावर. ट्रेनी म्हणतो, बदलूया. काकू म्हणतात, पंधरा म्हणजे पंधरा, डिसेंबरला बघू.